इतिवृत्तातला शेवटचा रकाना

तांत्रिक मानक ठरवणाऱ्या समितीचे इतिवृत्त हाती आले की बहुतेकांची नजर आधी मतदानाच्या निकालावर जाते. किती बाजूने, किती विरोधात, किती तटस्थ. माझ्या मते ही वाचण्याची उलटी रीत आहे. मानक कितपत भरवशाचे आहे हे मतांच्या टक्केवारीवरून समजत नाही. ते हरकतींच्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात समजते, कारण आलेल्या प्रत्येक हरकतीचे समितीने काय केले आणि का केले हे तिथे लिहिलेले असते. भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा, ज्या प्रकरणाशी थेट संबंध आला आणि ज्याचे आकडे जगजाहीर आहेत, त्यावरून हे दाखवता येते.

प्रकरण आहे ऑफिस ओपन एक्सएमएल या दस्तऐवज-स्वरूपाचे. वर्ड आणि एक्सेलच्या फायली आत कशा रचलेल्या असाव्यात याचा सुमारे सहा हजार पानांचा मसुदा एक्मा इंटरनॅशनल या संघटनेने जलदगती मार्गाने आयएसओकडे पाठवला. त्यावरचे मतदान 2 सप्टेंबर 2007 रोजी संपले. भारतातर्फे मत बीआयएसने द्यायचे होते आणि भारताने हरकती नोंदवून विरोधी मत दिले. मसुदा मंजूर व्हायला दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. मत देणाऱ्या सक्रिय सदस्य देशांपैकी किमान दोन तृतीयांश बाजूने हवेत आणि एकूण मतांपैकी एक चतुर्थांशाहून जास्त मते विरोधी नकोत. दोन्ही हिशेबांत तटस्थ मते धरत नाहीत. 32 सक्रिय सदस्यांपैकी 17 बाजूने पडले. हवे होते 22. एकूण 69 मतांपैकी 18 विरोधी होती आणि 17 पर्यंतच चालले असते. दुसऱ्या अटीत मसुदा अवघ्या एका मताने अडकला, पहिल्या अटीत मात्र चांगलाच मागे राहिला.

या मतांसोबत 3522 हरकती आल्या. हरकतीचा ठरलेला तक्ता असतो. त्यात देशाचे नाव, कलमाचा क्रमांक, परिच्छेद किंवा आकृती, हरकतीचा प्रकार (सर्वसाधारण, तांत्रिक की संपादकीय), हरकत व तिचे कारण, सुचवलेला बदल आणि शेवटी निर्णय, असे रकाने असतात. नुसता ‘हे बरोबर नाही’ असा शेरा इथे उपयोगाचा नसतो. विरोधी मत देणाऱ्याला तांत्रिक कारण लिहावेच लागते आणि काय केले तर आपले समाधान होईल हेही सांगावे लागते.

चांगले निवारण कसे असते याचा या प्रकरणातला उत्तम नमुना तारखेच्या हरकतीचा आहे. एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत 60 हा आकडा लिहून चौकटीचे स्वरूप तारखेचे करा. 29 फेब्रुवारी 1900 दिसेल. असा दिवस उगवलाच नव्हता, कारण 1900 ला 400 ने भाग जात नाही आणि म्हणून ते लीप वर्ष नव्हते. मूळ चूक लोटस 1-2-3 या जुन्या प्रणालीतली. तिच्या फायली नीट चालाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली आणि मसुद्याने तिला नियमाचे रूप दिले. परिणामी 1 जानेवारी 1900 हा खरोखरीचा सोमवार, पण या गणनेत तो रविवार ठरतो. आंतरराष्ट्रीय मानकाने चुकीचे कॅलेंडर सक्तीचे करू नये, ही हरकत रास्त होती. पण जगभरातल्या असंख्य जुन्या फायलींमध्ये हीच गणना आहे आणि ती एकदम बदलली तर त्यांतल्या तारखा सरकतील, हा प्रतिवादही तितकाच खरा होता. अखेर मानकाचे दोन प्रकार झाले. नव्या फायलींसाठीच्या काटेकोर प्रकारात ती चुकीची गणना नाही, जुन्या फायलींच्या सोयीसाठी असलेल्या संक्रमण प्रकारात ती आहे, आणि ती केवळ सुसंगतीसाठी आहे हे नमूद आहे. हरकत अंशतः मान्य झाली आणि का झाली हे कुणालाही वाचून समजते. पुढे त्यावरून प्रणाली बनवणाऱ्याला आपण कोणत्या बाजूला उभे आहोत याचा संभ्रम राहत नाही.

सगळ्याच हरकतींच्या वाट्याला हे आले नाही. एकसारख्या हरकती एकत्र करून एक्माने 1027 उत्तरे तयार केली आणि 25 ते 29 फेब्रुवारी 2008 या पाच दिवसांत जिनिव्हात निवारण बैठक झाली. दिवसाला सात तास धरले तरी एका उत्तराच्या वाट्याला दोनच मिनिटे येतात. प्रत्यक्षात थोड्याच उत्तरांवर बोलणे झाले आणि उरलेल्या मोठ्या गठ्ठ्यावर कागदी मतदान घेतले गेले. त्यात मान्य, अमान्य आणि तटस्थ यांच्याबरोबर ‘मत नोंदवण्यास नकार’ असाही पर्याय ठेवावा लागला. ज्या उत्तरावर चर्चाच झाली नाही ते तक्त्यात ‘मान्य’ म्हणून चढले, तर त्या शब्दामागे कारण नसते, फक्त मतांची बेरीज असते.

यानंतर देशांना आपले मत बदलायला महिन्याभराची मुदत होती. निकाल फिरला. 32 पैकी 24 बाजूने, म्हणजे 75 टक्के, आणि 71 मतांपैकी 10 विरोधी. भारताने ‘नाही’ कायम ठेवले. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी केलेली अपिले ऑगस्टमध्ये फेटाळली गेली आणि नोव्हेंबर 2008 मध्ये मानक प्रसिद्ध झाले. 53 टक्क्यांवरून 75 टक्के हा आकडा पाहिला तर सगळे आक्षेप सुटले असे वाटेल. तक्ता वाचला तर तसे म्हणता येत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. साडेतीन हजार हरकती एकेक करून चर्चायच्या ठरवल्या तर कुठलेच मानक कधी पुरे होणार नाही. आयएसओच्या व्याख्येप्रमाणेही सहमती म्हणजे एकमत नव्हे, तर महत्त्वाच्या मुद्द्यांवर टिकून राहिलेला विरोध नसणे. हे मला मान्य आहे. पण विरोध टिकून आहे की नाही, हे त्याला उत्तर देऊन पाहिल्याशिवाय कसे कळणार? हरकती फार होत्या यावरून एवढेच सिद्ध होते की सहा हजार पानांचा मसुदा जलदगती मार्गाने आणणेच चुकीचे होते. दुसरा आक्षेप असा की अशा समित्यांत कंपन्यांचे हितसंबंध असतात आणि हरकती घेणारेही निःस्वार्थी नसतात. असतील. म्हणूनच हरकत कुणाची यापेक्षा तिचे कारण आणि तिला दिलेले उत्तर लेखी असणे मोलाचे. फेब्रुवारी 1900 मध्ये 28 दिवस होते, हे प्रतिस्पर्ध्याने सांगितले तरी 28 च राहतात.

ही पद्धत जिनिव्हापुरती नाही. बीआयएसचे मसुदे मंजुरीपूर्वी सर्वांच्या अभिप्रायासाठी खुले केले जातात आणि अभिप्राय देण्यासाठी समितीचे सदस्य असावे लागत नाही. नागपूरच्या दक्षिणेला बेसा परिसरात घरे बांधणाऱ्या एखाद्या अभियंत्याला भाजलेल्या विटेच्या मानकावर, म्हणजे आयएस 1077 वर, काही म्हणायचे आहे असे समजा. त्यात 12.5 वर्गापर्यंतच्या विटेला वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी शोषण्याची मुभा आहे. ‘ही मर्यादा फार सैल आहे’ एवढेच कळवले तर त्याच्यासमोर ‘नोंद घेतली’ असे लिहून समिती मोकळी होईल. कलमाचा क्रमांक, कोणत्या विटा, 24 तास थंड पाण्यात बुडवून केलेल्या चाचणीचे आकडे आणि बदललेले वाक्य जसेच्या तसे लिहून दिले, तर समितीला हो किंवा नाही म्हणावे लागते आणि नाही म्हटले तर कारण द्यावे लागते.

बांधकाम, वीज, पाणी, संगणक यांपैकी ज्या क्षेत्रात आपण काम करता, त्याच्या मानकाचा मसुदा पुढच्या वेळी अभिप्रायासाठी आला की तो उघडा, एका कलमावर तरी कारणासह लिहा आणि समितीचा निर्णय मागून घ्या.