सुप्रभात पुसायचं कसं?

शुक्रवारी रात्री नऊ वाजता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना येते: ‘उद्या सकाळी टाकी धुणार, पाणी भरून ठेवा.’ पहाटे पाचपासून सुप्रभातचे गुलाब, मधुमेहावर कारल्याचा काढा आणि एका नेत्याचा व्हिडिओ अशी रांग लागते. आठ वाजता तिसऱ्या मजल्यावर नळ कोरडा पडतो आणि ग्रुपवर विचारणा होते, ‘पाणी का नाही?’ सूचना तिथंच असते, पण फॉरवर्डच्या ढिगाखाली.

अशा वेळी कुणी तरी तडकून ग्रुपवरच लिहितं, ‘ॲडमिन झोपलेत का?’ मग गुलाब पाठवणारे काका दुखावतात, ॲडमिन चिडतो आणि दोन दिवस सगळा ग्रुप त्याच विषयावर बोलतो. तक्रार रास्त असते. फक्त ती चारचौघांत केलेली असते.

ॲडमिननं फॉरवर्ड गुपचूप काढून टाकावा, एवढंच बहुतेकांना हवं असतं. पण ते गुपचूप होत नाही. सदस्याचा मेसेज सर्वांसाठी काढण्याची सोय ॲडमिनला 2022 मध्ये मिळाली खरी, पण मेसेज काढला की त्याच्या जागी ‘अमुक ॲडमिननं हा मेसेज डिलीट केला’ अशी ओळ उरते. वर पाठवणाऱ्याचं नावही तसंच राहतं. म्हणजे कुणाचं पुसलं आणि कुणी पुसलं, दोन्ही सगळ्यांना दिसतं. सदस्यानं स्वतः काढला तर नुसती ‘मेसेज डिलीट झाला’ एवढीच ओळ राहते. चुकून गेलेले मेसेज सगळेच काढतात, त्यामुळे तिच्याकडे कुणी दोनदा बघत नाही.

म्हणून ॲडमिनकडे मागायचं ते हे: त्यानं पाठवणाऱ्याला खासगीत सांगून मेसेज त्याच्याच हातून काढून घ्यावा. यासाठी साधारण अडीच दिवसांची मुदत असते. त्यात एक खाचखळगा आहे. काढताना ‘डिलीट फॉर मी’ आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ असे दोन पर्याय येतात, आणि ज्येष्ठ मंडळी बरेचदा पहिला दाबतात. मेसेज त्यांच्या फोनवरून जातो, इतरांच्या फोनवर तसाच राहतो. काही सेकंदांत ‘अन्डू’ केलं नाही, तर तो त्यांना परत हाती लागत नाही. मग ॲडमिनलाच पुसावा लागतो. तेव्हा कोणतं बटण दाबायचं, हे आधीच सांगितलेलं बरं.

विनंतीही खासगीतच जावी आणि तीत माणसाऐवजी नुकसान असावं. ‘काका, कालची टाकीची सूचना फॉरवर्डखाली गेली, आमच्या मजल्यावर दोन घरांत पाणी भरलं गेलं नाही. सूचना वर पिन करता येईल का? आणि सकाळचे फॉरवर्ड वेगळ्या ग्रुपवर घेतले तर बरं होईल.’ यात कुणाचंच नाव नाही. पिन केलेला मेसेज चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस वर राहतो, त्यामुळे अर्धी तक्रार तिथंच मिटते.

‘काही झालं तर तुम्हालाच पोलीस धरतील’ असा धाक मात्र घालू नये. सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान उद्देश असल्याशिवाय, केवळ ॲडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलं आहे. शिवाय धाकानं घाबरलेला ॲडमिन हमखास एकच करतो: ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही कडी लावतो. मग लिफ्टमध्ये अडकलेल्यालाही ग्रुपवर लिहिता येत नाही.

नियम लिहून टाकणं सोपं, पण तो कधी टाकायचा यावर बरंच अवलंबून असतं. गुलाबानंतर पाचव्या मिनिटाला ‘कृपया फॉरवर्ड टाळा’ असं आलं, तर नाव न घेताही बोट काकांकडेच जातं. महिन्याच्या पहिल्या तारखेला, देखभाल खर्चाच्या आठवणीसोबत तोच नियम आला तर तो कुणालाच लागत नाही. नियमात काय चालेल तेही हवं: पाणी, वीज, पार्किंग, हरवलं-सापडलं, निधनाची बातमी. वाढदिवस आणि सणाच्या शुभेच्छांचं काय, हे ठरवलेलं नसलं की पहिला वाद तिथंच होतो.

आणि नियम सर्वांना सारखा हवा. अध्यक्षांचा व्हिडिओ राहिला आणि काकांचा गुलाब गेला, तर खासगी निरोप कितीही गोड असला तरी काकांना तो टोचणारच. म्हणून पहिला निरोप अध्यक्षांना गेलेला चांगला. त्यांनी आपला व्हिडिओ स्वतः काढला, की ॲडमिनला काकांशी बोलणं पुष्कळ सोपं जातं.