मुंढ्याचं गणित

शिवलेल्या कपड्याची उलटी बाजू बघायची मला जुनी खोड आहे. शिंप्याचा हात तिथेच कळतो. सांगलीतल्या एका ताईंच्या रीलवर मी अडकलो, तो त्यामुळेच. घट्ट ब्लाउजची बाजूची शिवण उसवून, नवी टीप मारून तो सैल करून दाखवलेला, सगळं अर्ध्या मिनिटात. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलं आहे.

२०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच इन्स्टाग्रामने रील्स आणली, तेव्हापासूनची कथा सर्वांना ठाऊक आहे. ताईंकडे बंगळुरू, इंदूर, बडोद्याहून पार्सलं येऊ लागली. मला रस आहे तो त्यांच्या रेघी वहीत.

वहीतलं सगळ्यात लांबलेलं प्रकरण बंगळुरूच्या एका बाईंचं. रेशमी ब्लाउज, काखेपासून काखेपर्यंत सपाट माप १७ इंच, म्हणजे छाती ३४. हवी ३६. आत माया पाऊण इंच. दोन्ही बाजूंना पुढचा-मागचा मिळून चार पदर. प्रत्येकातून अर्धा इंच सोडला की दोन इंच मिळतात आणि शिवणीला पाव इंच उरतो. रीलमध्ये एवढंच होतं. पण बाजू सोडली की मुंढाही प्रत्येकी एक इंच वाढतो, तेव्हा बाहीही तेवढीच वाढायला हवी. या बाहीत माया जेमतेम पाव इंच! मग काखेत कळी घालावी लागली, तीही साडीच्या उरलेल्या तुकड्यातून. तो मागवण्यात आठवडा गेला.

मजुरी वाढली तेव्हा बाईंचा निरोप आला, "रीलमध्ये तर अर्ध्या मिनिटात झालं!" माझ्या मते बाईंचं फारसं चुकलं नव्हतं, रीलने बाही दाखवलीच नव्हती. ताईंनी वाढीव पैसे सोडले आणि वहीत लिहिलं, "आधी बाही बघणे."

तेव्हापासून पार्सल मागवण्याआधी त्या ब्लाउज उलटा करून, शिवणीवर टेप ठेवून काढलेला फोटो मागतात, बाजूचा आणि बाहीचाही. अंगावरून घेतलेली मापं त्या घेत नाहीत, कारण घरी टेप कोण किती आवळेल याचा भरवसा नाही. नीट बसणारा जुना ब्लाउज मापाला पाठवायचा. रेशमाला आणखी एक परीक्षा: आतून इंचभर टीप उसवून वाफ द्यायची. सुती कपड्यात सुईची भोकं बहुधा मिटतात, रेशमात बऱ्याचदा राहतात. शिवाय जुन्या शिवणीआडचा रंग गडद निघतो. तसं दिसलं, तर फोटो पाठवून आधी विचारायचं.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, म्हणून दिवाळीआधीच पार्सलं घेणं बंद. उसवण्याचं काम दुपारी एकत्र, ब्लेडने, उजेडात. शिवताना एका रंगाच्या दोऱ्याची कामं सलग, रीळ आणि बॉबिन सारखी बदलायला नकोत म्हणून. प्रत्येक कपड्याला नाव लिहिलेली चिंधी टाचलेली, ती डबा बंद होईपर्यंत काढायची नाही.

मुंढ्याची रील त्यांनी नंतर केली. ती पहिलीइतकी कुणी पाहिली नाही. मात्र आता येणाऱ्या पार्सलांत साडीचा तुकडा न मागता येतो.