विश्लेषण : नाव झाकले तरी देणगीदार कसा कळतो?

अनेक धर्मादाय संस्थांत विश्वस्तांच्या व्हॉट्सअॅप गटावर दर सोमवारी एक तक्ता येतो. कोणत्या मोहिमेला आठवडाभरात किती जणांनी किती रक्कम दिली, एवढेच त्यात असते. नाव नाही, मोबाइल नाही, पॅनही नाही. तरीही या तक्त्यातून एखाद्याची देणगी उघड होऊ शकते.

कार्यालयाकडे कोणती माहिती असते?

प्राप्तिकरात सवलत हवी असलेल्या देणगीदाराचे नाव, पत्ता आणि पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक संस्थेला घ्यावा लागतो. ही माहिती पावतीसाठी आणि प्राप्तिकर खात्याला द्यायच्या विवरणासाठी असते. साप्ताहिक गोषवाऱ्याला तिची गरज नसते. त्याला फक्त मोहीम, देणगीदारांची संख्या आणि रक्कम पुरते. संख्या मात्र व्यवहारांची नव्हे, माणसांची हवी. एकाच व्यक्तीने तीनदा यूपीआय केले तर तो एकच देणगीदार. हा फरक का महत्त्वाचा, ते पुढच्या उदाहरणातून कळेल.

धोका नेमका कुठे?

समजा, एका संस्थेच्या चार मोहिमा आहेत. गेल्या आठवड्यात शिष्यवृत्तीसाठी ४६ जणांनी १,१२,४०० रुपये दिले, रुग्णसाहाय्यासाठी ३१ जणांनी ७८,५०० आणि वाचनालयासाठी १८ जणांनी २२,३००. डायलिसिस यंत्रासाठी मात्र दोघांनीच मिळून ५,०१,००० रुपये दिले. एकूण जमा ७,१४,२०० रुपये.

आता त्या दोघांपैकी एक जण विश्वस्तच असेल आणि त्याने १,००० रुपये दिले असतील, तर दुसऱ्याने पाच लाख दिले हे त्याला वजाबाकीने लगेच कळते. लहान गावात पाच लाख देणारी घरे किती असणार? नाव शोधायला फार वेळ लागत नाही. मग त्या घरी इतर मंडळांचे वर्गणी मागणारे आणि नातलग पोहोचतात. गुप्तदानाचा आग्रह धरणारे हेच टाळू पाहत असतात.

तो रकाना रिकामा ठेवला तर?

पुरेसे नाही. एकूण ७,१४,२०० मधून उरलेल्या तिन्ही मोहिमांचे २,१३,२०० वजा केले की ५,०१,००० पुन्हा हाती येतात. ‘एप्रिलपासून एकूण’ हा रकानाही तसाच फितूर: या सोमवारच्या आकड्यातून मागच्या सोमवारचा वजा केला की आठवड्याची रक्कम निघते. वाचनालय आणि डायलिसिस एकत्र करून ‘इतर मोहिमा’ लिहिले तरी वाचनालयाला दर आठवड्याला वीस-बावीस हजारच येतात, हे विश्वस्तांना ठाऊक असते.

मग दाखवायचे काय?

एक साधा नियम आधीच ठरवून ठेवता येतो. मोहिमेला पाचपेक्षा कमी देणगीदार असतील किंवा एकाच व्यक्तीची देणगी निम्म्याहून जास्त असेल, तर त्या मोहिमेचा आकडा गोषवाऱ्यात द्यायचा नाही आणि एकूण बेरजेतही धरायचा नाही. वरच्या उदाहरणात तक्ता तीन मोहिमांचा राहील, बेरीज २,१३,२०० येईल आणि खाली ओळ असेल : ‘डायलिसिस यंत्र : उद्दिष्टाच्या निम्म्याहून अधिक निधी जमा’. यंत्राची मागणी नोंदवायची की थांबायचे, या निर्णयाला एवढे बहुधा पुरते. पाच हा आकडा कायद्यात नाही, तो सोयीचा संकेत आहे. लहान संस्थेने दहा ठेवला तर बहुतेक रकाने झाकले जातील आणि गोषवाऱ्याला अर्थच उरणार नाही.

विश्वस्तांपासून हिशेब लपवायचा, असा याचा अर्थ नाही. ठरावीक कामासाठी आलेला पैसा त्याच कामावर खर्च झाला का, याची जबाबदारी त्यांचीच असते. म्हणून नेमकी रक्कम कोषाध्यक्षांच्या नोंदवहीत असते आणि ती बैठकीत पाहता येते. तिचा फोटो काढून पुढे पाठवायचा नाही, एवढेच. गोषवारा मोबाइलवरून कुठेही फिरतो, वही फिरत नाही.

फाइलमधली चोरवाट

बहुतेक कार्यालयांत हा तक्ता एक्सेलच्या पिव्होट टेबलने बनतो. नावांची मूळ शीट काढून टाकली, म्हणजे फाइल निर्धोक झाली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पिव्होट टेबल मूळ नोंदींची प्रत सहसा स्वतःजवळ ठेवते. रकमेच्या चौकटीवर दोनदा क्लिक केले की त्या रकमेमागच्या सगळ्या ओळी नाव आणि पॅनसकट नव्या शीटवर उघडतात. फाइल पाठवण्यापूर्वी हे एकदा स्वतः करून पाहावे. ओळी उघडल्या तर नवी कोरी फाइल घेऊन तिच्यात ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने फक्त आकडे चिकटवायचे आणि तिची पीडीएफ पाठवायची.