ठरवून भेटायला गेलात आणि समोरचा आलाच नाही

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. लग्नाच्या साइटवर ओळख झाली, दोन आठवडे बोलणं झालं, पहिली भेट ठरली आणि समोरची व्यक्ती आलीच नाही. आता काय करायचं? मेसेज करायचा का, काय लिहायचं, आणि नंतर तिकडून ‘सॉरी’ आलं तर पुन्हा भेटायचं का? आज एवढंच बोलू.

मी इंदूरला विवाहपूर्व समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये आईवडील इंदूर, बडोदा किंवा ग्वाल्हेरला असतात आणि मुलं नोकरीसाठी बेंगळुरू किंवा हैदराबादला. पहिली भेट मुलं परस्पर ठरवतात, घरचे फोन हातात धरून वाट बघतात. अशाच एका मुलीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ती हैदराबादला नोकरी करते. शनिवारी संध्याकाळी 5 वाजता अमीरपेट मेट्रो स्टेशनजवळच्या एका कॅफेत भेटायचं ठरलं होतं. ती पाच मिनिटं आधी पोचली. 5 वाजून 10 मिनिटांनी तिने लिहिलं, ‘मी पोचले आहे, आत डावीकडच्या टेबलावर बसले आहे.’ 5:20ला फोन केला. रिंग पूर्ण वाजली, कोणी उचलला नाही. 5:35ला ती उठली.

या पस्तीस मिनिटांत तिला काय वाटलं, ते तिच्याच शब्दांत सांगते: “ताई, मला त्याचा राग आलाच नाही हो. मी साडी नेसून आले याचीच लाज वाटली. वेटर दोनदा येऊन गेला, तर मी मैत्रीण येतेय म्हणून सांगितलं.”

ज्याला आपण कधी पाहिलेलंही नाही, तो आला नाही म्हणून एवढं का लागावं? किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. ते एकदा बागेत बसले होते. एक फ्रिस्बी घरंगळत त्यांच्याजवळ आली. त्यांनी ती दोघा खेळणाऱ्यांकडे परत फेकली. त्या दोघांनी यांनाही खेळात घेतलं आणि थोड्या वेळाने काही न सांगता यांच्याकडे फेकणं बंद केलं. अनोळखी माणसं, फुकटचा खेळ, तरी विल्यम्सना ते चांगलंच झोंबलं. त्यावरून पुढे त्यांनी ‘सायबरबॉल’ नावाचा संगणकावरचा साधा चेंडूचा खेळ तयार केला. त्यात इतर खेळाडू तुमच्याकडे चेंडू टाकेनासे होतात. माणसांना वाईट वाटतं, आणि पलीकडे माणूस नसून संगणक खेळतोय हे आधी सांगितलं तरीही वाटतं, असं 2004च्या प्रयोगात दिसलं.

म्हणजे वगळलं गेल्याची कळ आधी येते, कारणांचा विचार मागाहून. म्हणून त्या टेबलावर बसून ‘माझा फोटो त्याला आवडला नसेल’ वगैरे जे निष्कर्ष निघतात, ते कळ असताना काढलेले असतात. त्यांच्यावर विसंबून रात्री मोठाले मेसेज लिहू नयेत.

आता मेसेजकडे येऊ. निघताना तिने लिहिलं: ‘मी 5 वाजल्यापासून 35 मिनिटं थांबले. फोनही केला होता. आता निघते आहे. तुमच्याकडे सगळं ठीक असेल अशी आशा आहे.’

मला हा मेसेज फार आवडला. त्यात प्रश्न नाही. ‘काय झालं? येताय ना?’ असं लिहिलं की आपण उत्तराची वाट बघत तिथेच अडकतो. इथे काय घडलं आणि मी काय करते आहे, एवढंच आहे. टोमणाही नाही. समजा त्याच्या घरी खरंच काही झालं असेल, तर दुसऱ्या दिवशी हा मेसेज वाचताना हिला ओशाळं वाटणार नाही. आणि काहीच झालं नसेल, तर ती 35 मिनिटं लेखी राहिली.

तेवढ्यात आईचा फोन. “काय गं, आला का तो?” नाही म्हटल्यावर आई म्हणाली, “थांब, मी त्याच्या आईलाच लावते.” इथे तिने आईला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबवलं. दोन्ही घरं मध्ये पडली की मुलाच्या वतीने कारण त्याची आई देते आणि तो स्वतः काय म्हणाला असता ते कधीच कळत नाही. मध्यस्थ असतील तर त्यांनाही त्यानंतरच सांगावं.

व्हॉट्सॲपच्या खुणांवरून थोडं कळतं, सगळं नाही. एकच टिक म्हणजे मेसेज त्याच्या फोनपर्यंत पोचलाच नाही. फोन बंद असेल, नेट नसेल किंवा त्याने तुम्हाला ब्लॉक केलं असेल. नुसत्या एका टिकवरून यातलं कोणतं, ते ठरवता येत नाही, म्हणून साधा फोन लावून बघावा. दोन करड्या टिका म्हणजे पोचला. निळ्या झाल्या तर चॅट उघडली गेली, पण काही जण ही सोय बंद ठेवतात. आपला मेसेज दाबून धरून इन्फो बघितलं तर पोचल्याची आणि वाचल्याची वेळ दिसते.

त्याचं उत्तर रात्री 9:40ला आलं. ‘सॉरी, ऑफिसमध्ये अडकलो होतो. पुन्हा कधी भेटू या?’ हिने इन्फो पाहिलं. पहिला मेसेज त्याने 5:24ला वाचला होता.

माझ्या मते पुन्हा भेटायचं की नाही, ते इथे ठरतं. न येण्याला शंभर कारणं असतात आणि त्यातली बरीच खरी असतात. हैदराबादच्या ट्रॅफिकवर मी वेगळा भाग करू शकेन! पण न येणं आणि न कळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑफिसमध्ये अडकलेल्या माणसाला फोन बघायला वेळ होता, ‘येत नाही’ हे दोन शब्द टाइप करायला नव्हता.

तरी तिने दार लावलं नाही. तिने लिहिलं: ‘तुम्ही 5:24ला मेसेज पाहिलात, तेव्हाच कळवलं असतं तर बरं झालं असतं. पुन्हा भेटायचं असेल तर दिवस आणि वेळ तुम्ही सांगा. ठिकाण माझ्या ऑफिसजवळचं ठेवू.’ दुसऱ्या भेटीची खटपट आता त्याच्याकडे गेली, हे बघा. ज्याला खरंच भेटायचं असतं तो दिवस सांगतो. इथे उत्तर आलं, ‘बघतो, पुढचा आठवडा जरा पॅक आहे.’ तिने त्यावर काही लिहिलं नाही. दुपारी आईला सांगितलं की हे स्थळ राहू दे.

उलटही होतं. माझ्याकडच्या एका मुलाला एकच टिक दिसत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा स्वतःहून फोन आला. आजीला दवाखान्यात नेलं होतं, फोनचं चार्जिंग संपलं होतं. तिने तिथेच पुढचा रविवार सुचवला आणि त्याच्या घराजवळ यायची तयारी दाखवली. ते भेटले. कारण खरं होतं का, ते त्याने तपासलं नाही आणि तपासायची गरजही नव्हती. दुसऱ्यांदाही असंच झालं असतं, तर मात्र मी त्याला तिसरी तारीख घेऊ नको म्हटलं असतं.

एक सावधगिरी सांगून थांबते. आयत्या वेळी ‘मी जवळच मित्राच्या फ्लॅटवर आहे, इकडेच या’ असा निरोप आला तर जाऊ नका. आणि न येता ‘रस्त्यात अपघात झाला, थोडे पैसे पाठवा, संध्याकाळी परत करतो’ असं आलं तर पैसे पाठवू नका, आधी व्हिडिओ कॉल करायला सांगा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि चॅट डिलीट करू नका.