मुक्काम आधी, कॅमेरा नंतर

लघुपटाचं बजेट हातात आलं की दिग्दर्शकाची नजर आधी कॅमेऱ्याच्या भाड्यावर जाते. प्रॉडक्शन सांभाळणाऱ्याने मात्र आधी बघायचं ते हे, की युनिट झोपणार कुठे आणि तिथून लोकेशन किती लांब आहे. आडगावच्या शूटिंगमध्ये गाड्या, जेवणाच्या वेळा, ड्रायव्हरची झोप आणि दवाखान्याचं अंतर, सगळं या एका उत्तरावर ठरतं.

अकोले तालुक्यातली रतनवाडी घेऊ. रतनगडाच्या पायथ्याचं गाव, अमृतेश्वराचं जुनं देऊळ, समोर भंडारदऱ्याचा जलाशय. सप्टेंबरच्या मध्यावर हिरवाई असते, ओढे वाहते असतात आणि पावसाचा जोर उतरलेला असतो. चार दिवसांचं शूटिंग, युनिटची १३ माणसं आणि तीन ड्रायव्हर, म्हणजे १६ ताटं. तारखा सोमवार ते गुरुवार अशाच घ्यायच्या; शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांतून वाट काढण्यातच सकाळ जाते. परिसर अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याची परवानगी लागते. देऊळ फ्रेममध्ये हवं असेल तर पुरातत्त्व खात्याचीही. हे कागद आधी हातात येऊ द्यायचे, मगच तारखा पक्क्या करायच्या.

आता मुक्काम. धरणाजवळच्या शेंडीत हॉटेलं आहेत, गरम पाणी आहे, म्हणून निर्माता शेंडी सुचवतो. शेंडीहून रतनवाडी सुमारे २० किलोमीटर. कागदावर हे अंतर काहीच वाटत नाही, पण वळणाचा अरुंद रस्ता, पहाटेचं धुकं आणि खड्डे धरले की तास जातोच. सूर्योदय साडेसहाच्या आत-बाहेर. पहिला शॉट त्या उजेडात हवा असेल तर साडेपाचला लोकेशनवर पोचायला हवं, म्हणजे साडेचारला गाडी सुटली पाहिजे आणि ड्रायव्हर साडेतीनला उठला पाहिजे. संध्याकाळचा शॉट साडेसहापर्यंत चालतो. सामान आवरून निघायला साडेसात, शेंडीत साडेआठ, आणि जेवण, चार्जिंग, फुटेजची कॉपी होईपर्यंत साडेदहा वाजतात. झोप मिळते पाच तास. पहिल्या दिवशी हे कुणाला जाणवत नाही. तिसऱ्या दिवशी सहायक लेन्स चुकीची देतो, साऊंडवाला बॅटरी बदलायची विसरतो, आणि ड्रायव्हर खिडकी उघडी ठेवून, गाणी मोठ्याने लावून गाडी चालवू लागतो. हे दिसलं की गाडी थांबवायची वेळ झाली, असं समजावं.

हॉलिवूडमध्ये १९९७ साली ‘प्लेझंटव्हिल’ या चित्रपटाचा एक सहायक कॅमेरामन १९ तासांचं काम संपवून घरी निघाला आणि गाडी चालवताना झोप लागून अपघातात गेला. ज्येष्ठ छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी पुढे या विषयावर माहितीपटच केला. शूटिंगचा धोका म्हटलं की आपल्याला कडा आणि साप आठवतात. पॅक-अपनंतरचा रस्ता आठवत नाही.

म्हणून रतनवाडीतच राहावं. गावात घरगुती राहायची-जेवायची सोय करणारी कुटुंबं आहेत. रोजचे दोन तास वाचतात आणि झोप सात तासांपर्यंत जाते. भर दुपारचं टळटळीत ऊन बहुतेक दृश्यांना नकोच असतं, तेव्हा जेवणानंतर दोन तास सगळ्यांना आडवं होऊ द्यावं. घरं बघताना गाद्या मोजण्याआधी संडास मोजावेत. पहाटे पावणेपाचला १६ माणसं एकदम उठणार. पाच-सहा जणांमागे एक तरी हवाच, नाहीतर कॉल टाइम तिथेच कोलमडतो. बायकांसाठी वेगळं घर, आणि न्हाणीघराला आतून कडी आहे की नाही हे स्वतः लावून बघायचं. ड्रायव्हरांनाही वेगळी खोली द्यावी, कारण युनिटच्या गप्पा रात्री उशिरापर्यंत रंगतात.

गाड्या तीन. माणसांसाठी १७ सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर, सामानासाठी ताडपत्रीचा पिकअप, आणि एक मोकळी गाडी. बजेट कापताना पहिला हात या तिसऱ्या गाडीवर पडतो. ती लोकेशनवर तोंड रस्त्याकडे करून, टाकी भरून उभी असते आणि दिवसभर काहीच करत नाही. तेच तिचं काम. पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणतं, ‘रिकामीच उभी आहे, राजूरहून बर्फ आणू या का?’ तिथे नाही म्हणणारा एक माणूस आधीच नेमलेला असावा. सामान आणायला पिकअप जाईल.

जेवण गावातल्याच बायकांकडून करून घ्यावं, पण किती माणसांचं, किती वाजता आणि कुठे पोचवायचं हे आदल्या संध्याकाळी सांगून. तिखट बेताचं ठेवायला सांगावं, शहरी पोटं त्याला सरावलेली नसतात. माणशी अडीच भाकऱ्या धरल्या तरी एका वेळेला ४० होतात. एका चुलीवर एका बाईने तेवढ्या थापायच्या तर पहिली भाकरी वातड होते, म्हणून दोन घरांत काम वाटून द्यावं. निघताना चहा-बिस्किट, आठला गरम पोहे, आणि कॉल टाइमपासून सहा तासांच्या आत जेवण. सकाळी शिजवलेला भात डब्यात कोमट राहिला तर दुपारपर्यंत पोट बिघडवू शकतो. उरला तर संध्याकाळी फोडणीला टाकायचा मोह आवरावा. पिण्याचं पाणी माणशी चार लिटर, म्हणजे दिवसाला ६४ आणि चार दिवसांत २५६ लिटर. २० लिटरचे १३ जार घोटीहून येतानाच चढवावेत. पथ्यं आणि उपवास निघण्याआधी विचारून घ्यावेत. प्रत्येक युनिटमध्ये एक गुरुवारवाला असतोच, आणि त्याची आठवण नेमकी पंगतीत होते.

धोक्यांत या दिवसांत मला सर्वांत जास्त भीती विजेची वाटते. सप्टेंबरात दुपारनंतर ढग गडगडू लागतात, आणि आपण उघड्या पठारावर लोखंडी स्टँड उभारून बसलेले असतो. वीज चमकल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर शॉट कितीही रंगात असो, सामान तिथेच ठेवून सगळ्यांनी काचा लावून गाड्यांत बसायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. झाडाखाली तर नाहीच.

सर्पदंशासाठी गमबूट आणि टॉर्च लागतातच, पण त्याहून महत्त्वाचा एक फोन रेकीच्या दिवशी करायचा असतो: राजूर-अकोल्याकडच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आज प्रतिसर्पविष आहे आणि रात्री डॉक्टर असतात का. हीच चौकशी निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा करावी. दंश झाला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. माणसाला चालू न देता मोकळ्या गाडीत घालून निघायचं आणि १०८ला वाटेत रेंज मिळेल तिथून फोन करायचा. दवाखान्याचे नंबर आणि रस्ता कागदावर छापून तिन्ही गाड्यांत ठेवावा, कारण गावात मोबाइलवर भरवसा ठेवता येत नाही. रेंज कुठल्या वळणावर येते, तेही त्याच कागदावर लिहावं. मुर्शेतकडचा रस्ता दरड पडून अडला तर साम्रद-घाटघरकडून जलाशयाला वळसा घालून येता येतं. तो लांबचा रस्ताही ड्रायव्हरने एकदा गाडी घालून बघितलेला असावा.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा शॉट झाला की सगळ्यांना मुंबईची ओढ लागते. मुंबई तिथून १८० किलोमीटरच्या आसपास, मध्ये कसारा घाट, आणि ड्रायव्हर पहाटेपासून जागा. त्या रात्रीचा मुक्काम बजेटमध्ये पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा, म्हणजे आयत्या वेळी त्यावर चर्चा होत नाही. शुक्रवारी सकाळी नाश्ता करून निघावं, आणि फुटेजच्या दोन हार्ड डिस्क दोन वेगळ्या गाड्यांत ठेवाव्यात.