रांगोळीनं घासलेला रुपया

काकांच्या साठीला मी त्यांना एक राणीछाप रुपया दिला. आजीच्या लक्ष्मीपूजनाच्या डब्यातला, १८६२ सालचा. काळपट पडला होता, म्हणून आदल्या रात्री रांगोळीनं घासला, घरातली चांदीची भांडी घासतो तसाच. सकाळी तो लखलखत होता. काकांनी तो कडेनं दोन बोटांत धरला, खिडकीपाशी नेला, उन्हात जरा तिरका केला आणि काही न बोलता भिंग माझ्या हाती दिलं. राणीच्या गालावर केसाएवढ्या बारीक रेघांचं जाळं उठलं होतं. सगळ्या एकाच दिशेनं, माझा हात फिरला तशा.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले. "पण चांदीवरचा तो काळपटपणा मळ नसतो गं. ती नाण्याची कातडी असते."

हवेतल्या गंधकामुळे चांदीवर हा पातळ थर वर्षानुवर्षं हळूहळू चढतो. संग्राहक त्याला टोनिंग म्हणतात आणि तो एकसारखा चढलेला असेल तर त्याचे जास्त पैसे मोजतात. रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड. ती थर तर काढतेच, शिवाय खालची चांदीही ओरबाडते. तांब्याच्या नाण्याला चिंच लावली तरी तेच होतं. वरचा तपकिरी थर जातो, खाली उघडंबोडकं गुलाबी तांबं राहतं आणि ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. माझ्या नशिबानं १८६२ चा रुपया दुर्मीळ नाही, कारण तेच साल घालून पुढं बरीच वर्षं रुपये पाडले गेले. काकांकडं तसे चार होते. पण एखादं खरंच दुर्मीळ नाणं माझ्या हाती लागलं असतं, तर त्याचीही मी हीच गत केली असती. तेव्हा घरातलं जुनं नाणं कुणाला द्यायचं असेल, तर ते जसं आहे तसं, हळदीकुंकवाच्या डागासकट द्यावं. कडी डकवून गळ्यात घातलेलं असेल, तर ती कडी काढण्याच्या फंदातही पडू नये.

त्या दिवसानंतर काकांना काय द्यावं हा प्रश्न मी मनावर घेतला. मला नाण्यांतलं काही कळत नाही आणि तिकिटांतलं तर त्याहून नाही. पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच मलाही सुचला, दुकानातून काहीतरी जुनं विकत आणावं. शिवराईचंच बघा ना. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असं हे तांब्याचं नाणं मराठी माणसाला भेट म्हणून पटकन सुचतं. पण शिवराई महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ पाडली जात राहिली. जमवणारा तिच्यात अक्षरांची वळणं, ठिपके, ओळींची मांडणी असे बारकावे शोधत असतो. त्याच्याकडं नेमकं कोणतं वळण नाही, हे आपल्याला ठाऊक नसतं. त्यात नकली शिवरायाही बाजारात पुष्कळ आहेत. अनोळखी माणसाच्या हातात दुकानदार जे ठेवेल, ते बहुधा आधीच संग्रहात असलेलं किंवा खोटं निघतं.

आणि ज्याला द्यायचं तो परदेशात असेल, तर हा विचार सोडूनच द्यावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीचं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीतल्या भाच्यासाठी घेतलेली शिवराई सामानात टाकून नेणं हा गुन्हा आहे, मग ती कितीही स्वस्तात मिळालेली असो.

मग द्यायचं काय? दोन वर्षांनी मला उत्तर मिळालं ते दुकानात नव्हे, आजीच्या ट्रंकेत.

ट्रंकेच्या तळाशी पत्रांचा गठ्ठा होता. पूर्वी घरोघरी भिंतीवर तार लटकवलेली असे आणि आलेलं पत्र तिच्यात खोचून ठेवत. त्यामुळं प्रत्येक पत्राला मधोमध भोक होतं. मी कात्री घेतली होती. पाकिटं फेकायची आणि तिकिटं कापून एका डबीत भरून द्यायची, असा बेत होता. कोपरा कापणार, एवढ्यात काकू आत आल्या. "अगं, थांब. आधी यांना विचार. ते तिकीट नाही बघत, शिक्का बघतात."

काकूंनी कात्री काढून घेतली ते बरं झालं. गठ्ठ्यातल्या एका पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट होतं. लाल रंगाचं, कुटुंबनियोजनाचं. त्यावर काळ्या शाईत, जरा वाकडेतिकडे, इंग्रजीत दोन शब्द उमटवलेले होते : रेफ्युजी रिलीफ. माझ्या लेखी ते शाई सांडलेलं खराब तिकीट होतं.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आश्रयाला आली. त्यांच्या खर्चासाठी सरकारनं त्या वर्षी १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचा जादा कर बसवला. त्यासाठीची तिकिटं छापून देशभर पोचायला वेळ लागणार होता, आणि कर तर त्याच दिवशी सुरू झाला. मग ठिकठिकाणच्या टपाल कार्यालयांनी हाताशी असलेल्या पाच पैशांच्या तिकिटांवर रबरी शिक्के मारून किंवा गावच्या छापखान्यातून ते शब्द छापून घेऊन वेळ भागवली. पुढं नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमधून व्यवस्थित छापलेली तिकिटं आली आणि हे हाती मारलेले ठसे बंद झाले. कर मात्र मार्च १९७३ अखेरपर्यंत चालला.

नाशिकची छापील तिकिटं आजही मुबलक आहेत. पहिल्या काही दिवसांतली गावठी ठशांची तिकिटं जमवणारे शोधत असतात. पण जुन्या साध्या तिकिटावर आज कुणीही रबरी शिक्का मारू शकतो. मग खरं कसं ओळखायचं? पाकिटावरून. टपालाचा गोल शिक्का निम्मा तिकिटावर आणि निम्मा कागदावर उमटलेला असतो. त्यात गावाचं नाव असतं, तारीख असते. ती तारीख त्या मोजक्या दिवसांतली हवी, गाव ठशाशी जुळायला हवं, आणि टपालाच्या शिक्क्याची शाई रबरी ठशाच्या वरून गेलेली हवी, कारण ठसा आधी आणि टपाल नंतर. कोपरा कापला की निम्मा शिक्का गेला, त्याबरोबर गाव आणि तारीख गेली. मी डबीत भरणार होते त्या तिकिटाला मग कुणी ओळख दिली नसती.

आमच्या पाकिटावर गाव वाचता येत होतं, तारखेतला दिवस पुसट होता, महिना नोव्हेंबरच. मधलं भोक हा दोष खराच, पण तो शिक्क्यापासून लांब होता. काकांनी ते पाकीट दोन्ही बाजूंनी पाहिलं, उलटून मागचा पोचल्याचा शिक्का वाचला, आणि मग तो अस्पष्ट दिवस त्यावरून काढला. पत्र दुसऱ्या दिवशी पोचलं असावं असा त्यांचा हिशेब. अर्धा तास त्यांना दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

संग्रह न करणाऱ्या माणसाकडं देण्यासारखं असतं ते हे. आपल्या कपाटात, माळ्यावर, गावाकडच्या घरात असलेली न विस्कटलेली पाकिटं, आंतर्देशीय, पोस्टकार्डं. पोस्टकार्डावर तिकीट छापलेलंच असतं, चिकटवलेलं नसतं, तरी तेही जमवतात. तिकिटं पाण्यात भिजवून सोडवायलाही आपण जाऊ नये. रंगीत पाकिटाचा रंग उतरून तिकिटाला लागतो, आणि सोडवायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवलेलं बरं. आतलं पत्र खासगी असेल तर काढून ठेवा, पाकीट द्या. सोबत एक चिठ्ठी असावी : हे कुणाला आलं होतं, कुणी पाठवलं, कुठं सापडलं. ती पाकिटावर लिहू नये, वेगळ्या कागदावर लिहावी.

ज्यांच्या घरी जुनं काही उरलेलं नाही, त्यांच्यासाठी साठवणीच्या वस्तू आहेत, आणि त्यांतही एक फसगत आहे. नाणी ठेवायच्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्या स्वस्त मिळतात. नव्या रेनकोटसारखा वास आला, तर ते पीव्हीसी असतं. काही वर्षांत त्यातून चिकट द्रव्य सुटतं आणि तांब्यावर हिरवा लेप बसतो. मायलारचे कप्पे कडक असतात, दाबले की चुरचुरतात, त्यांना वास नसतो. गोल पारदर्शक डबीसाठी नाण्याचा व्यास लागतो. राणीछाप रुपया साडेतीस मिलिमीटरचा, म्हणून डबी एकतीसची घ्यावी. मोठी घेतली तर नाणं आत खुळखुळत राहतं आणि त्याची कड झिजते. माप माहीत नसेल तर आत रबरी कडी बसवता येणाऱ्या डब्या घ्याव्यात.

तिकिटांसाठी स्टॉकबुक द्यावं. जाड पानांवर आडव्या पारदर्शक पट्ट्या असतात, तिकीट तिच्यात नुसतं सरकवायचं. फोटोंसाठीचा चिकट पानांचा अल्बम कधीही देऊ नये, त्यातून तिकीट परत सुटत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याला सिलिका जेलच्या पुड्या जोडीला द्याव्यात. पावसाळ्यात न वापरलेल्या तिकिटांचा डिंक ओल धरतो आणि ती एकमेकांना चिकटून बसतात. स्टॉकबुक आडवं रचून त्यावर वजन आलं की हे हमखास होतं, ते उभंच ठेवावं. टोक चपटं असलेला तिकिटांचा चिमटाही चालतो. भुवया कोरायचा मात्र नको, तो तिकिटाचे दाते मोडतो.

आणि काही न विचारता काय लागतं हे जाणून घ्यायचं असेल, तर त्यांच्या वहीची दोन पानं बघावीत. पानाच्या डोक्यावर शीर्षक देशाचं आहे की विषयाचं, तिकीट सुटं आहे की पाकिटासकट, कोरं आहे की शिक्क्याचं. काकांच्या वहीत एका पानावर गावांची यादी होती, पेन्सिलीनं. पुष्कळ नावांपुढं बरोबरची खूण, काहींपुढं रिकामी जागा. यंदा मी त्यातल्या एका गावी गेले होते. तिथल्या टपाल कार्यालयात तिकीट लावलेलं पाकीट काउंटरवर दिलं आणि शिक्का हातानंच, ठळक मारायला सांगितलं. पोस्टमास्तरांनी कोरं पाकीट कशाला म्हणून विचारलं. मी कारण सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी रद्दीच्या कागदावर दोनदा शिक्का मारून शाई ठीक करून घेतली.