नकाशाच्या फायलींचाही फेरफार हवा

पुरंदर तालुक्यातल्या विहिरींचं सर्वेक्षण करणारा चार जणांचा गट डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात गावोगाव फिरून त्यांनी विहिरींची जागा, खोली आणि पाण्याची पातळी मोबाइलमध्ये टिपली. सगळ्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा २१२ विहिरी भरल्या. तीन आठवड्यांनी सामायिक फोल्डरमध्ये तीन फायली दिसतात: `vihiri_final.gpkg`, `vihiri_final_new.gpkg` आणि `vihiri_final_2.gpkg`. उद्याच्या ग्रामसभेत यातल्या कोणत्या फायलीचा नकाशा लावायचा, हे खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही.

या पेचावरचा उपाय आपल्या जमिनीच्या दप्तरात फार पूर्वीपासून आहे. सातबारा आजची स्थिती दाखवतो. ती कशी बदलत गेली, हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, क्रमानं लिहिलेलं असतं. तलाठी नोंद घालतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. सामायिक नकाशांच्या फायलींना हीच शिस्त लावता येते.

सुरुवात फोल्डरपासून करू. लहान गटाला पाच पुरतात:

```
vihiri_purandar/
  01_mool/
  02_kaam/
  03_pakke/
  04_june/
  05_nakashe/
  nond.csv
```

`01_mool` मध्ये शेतातून आलेली माहिती जशीच्या तशी ठेवायची, चुकांसकट. त्या फायली फक्त वाचता येतील अशा करून ठेवाव्यात. मागाहून शंका आली, की परत जाण्याची हीच एक जागा असते. दुरुस्त्या `02_kaam` मध्ये करायच्या. तपासून झालेली फाइल `03_pakke` मध्ये जाते आणि तिथे एका विषयाची, एका सर्वेक्षणाची एकच फाइल असते. जुनी पक्की फाइल `04_june` मध्ये सरकते. थोडक्यात, कोणती फाइल खरी हे तिच्या नावातल्या ‘फायनल’वरून ठरत नाही, ती कुठे ठेवली आहे त्यावरून ठरतं.

आता नाव. कामाच्या फायलीचं नाव असं ठेवता येईल:

```
purandar_vihiri_32643_2024-05_v02.gpkg
```

आधी ठिकाण, मग विषय. `32643` हा नकाशाच्या मोजमाप-पद्धतीचा क्रमांक. पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडलेले आहेत. त्यातला ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधला, विषुववृत्ताच्या उत्तरेचा पट्टा म्हणजे ३२६४३. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर त्यात येतात. नागपूर, चंद्रपूर पुढच्या ३२६४४ मध्ये. फाइल एका पट्ट्यातली आणि क्रमांक शेजारच्या पट्ट्याचा दिला, तर पुरंदरची विहीर नकाशावर सहाशे किलोमीटरांहून अधिक पूर्वेला जाऊन बसते. हा क्रमांक फायलीच्या आतही असतो, पण नावात असला की फाइल उघडण्याआधीच चूक लक्षात येते.

शेवटचे दोन भाग सर्वांत महत्त्वाचे आहेत आणि गोंधळही तिथेच होतो. `2024-05` हा मोजणीचा महिना आहे. फाइल कधी जतन केली, याच्याशी त्याचा संबंध नाही. `v02` ही आवृत्ती. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये त्याच विहिरी पुन्हा मोजल्या, तर जमिनीतलं पाणी बदललेलं असतं. तेव्हा `2024-10` ची नवी फाइल सुरू होते आणि मेची फाइल शाबूत राहते. मेच्या नोंदीतली चूक सुधारली, तर बदललेली असते ती फक्त आपली माहिती. म्हणून महिना तोच ठेवून `v02` चा `v03` करायचा. हे दोन बदल एकमेकांत मिसळले, की पाण्याची पातळी खरोखर वाढली की कुणी आकडा दुरुस्त केला, हे वर्षभरानं सांगता येत नाही.

आता त्या तीन ‘फायनल’ फायलींकडे परत जाऊ. गटानं फेरफाराची वही ठेवली असती, तर ती अशी दिसली असती:

```
आवृत्ती,कशावरून,विहिरी,बदल,केलं,तपासलं
v01,मूळ,212,पहिली एकत्र प्रत,अ,ब
v02,v01,212,17 विहिरींची खोली फुटांतून मीटरमध्ये,ब,क
v03,v01,221,9 नव्या विहिरी,ड,
```

इथे ‘कशावरून’ हा रकाना नीट पाहा. `v03` ही `v02` वरून झालेली नाही, ती `v01` वरूनच झाली आहे. म्हणजे तिच्यात नऊ नव्या विहिरी आल्या, पण सतरा विहिरींची खोली अजून फुटांतलीच आहे. ४० फुटांची, म्हणजे साधारण १२ मीटरची विहीर तिथे ४० मीटर खोल दिसते. आकडा मोठा आणि फाइल सर्वांत नवी, म्हणून सगळे `v03` वरच विश्वास ठेवतील. तपासणाऱ्याची जागा रिकामी आहे, हा दुसरा इशारा. उपाय सरळ आहे: `v02` घ्यायची, तिच्यात त्या नऊ विहिरी घालायच्या, `v04` करायची, आणि २२१ नोंदी भरतात का, सतरा खोल्या मीटरमध्ये आहेत का, हे दुसऱ्यानं पाहायचं. हे जमण्यासाठी प्रत्येक विहिरीला कायमचा क्रमांक हवा. एकाच नावाची दोन गावं असतात आणि मालकाचं नाव दोघं दोन प्रकारे लिहितात, त्यामुळे नावावरून जुळवणी होत नाही.

संगणक दाखवतो त्या ‘बदलल्याच्या तारखे’वर मात्र विसंबू नये. क्यूजीआयएसमध्ये जिओपॅकेज नुसतं उघडलं तरी ती तारीख बदलू शकते. फाइल उघडी असताना तिच्या शेजारी `-wal` आणि `-shm` शेपट्यांच्या दोन फायली दिसतात. ताजे बदल काही काळ `-wal` मध्येच असतात. अशा वेळी फक्त `.gpkg` कॉपी केली, तर शेवटची दुरुस्ती मागे राहू शकते. म्हणून आधी प्रोग्राम बंद करावा, त्या दोन्ही गेल्याची खात्री करावी आणि मगच कॉपी करावी. इंटरनेटवरून आपोआप जुळणाऱ्या सामायिक फोल्डरमधली फाइल तर थेट उघडून संपादित करूच नये. आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी, कोण काम करतंय ते गटाला सांगावं आणि काम संपल्यावर परत ठेवावी.

शेपफाइल आली, तर ती एक फाइल नसते. `.shp`, `.shx`, `.dbf`, `.prj` असं सगळं कुटुंब सोबत हवं. तिच्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि युनिकोड देवनागरीत एका चिन्हाला तीन लागतात. काना-वेलांटीही वेगळी मोजली जाते. त्यामुळे ‘पातळी’ हा साधा शब्दही पुरता मावत नाही. ती फाइल `01_mool` मध्ये जपावी आणि काम जिओपॅकेजमध्ये करावं.

एक अडचण उरते. `05_nakashe` मधला नकाशा `v02` ला जोडला असेल, तर `v04` आल्यावरही तो मुकाट्यानं `v02` च दाखवत राहतो. म्हणून `03_pakke` मध्ये ठेवताना नावातून आवृत्ती काढून टाकावी: `purandar_vihiri_32643_2024-05.gpkg`. नाव तेच राहतं, आतली माहिती नवी होते आणि नकाशा आपोआप ताजा होतो. आत कोणती आवृत्ती आहे, ते वही सांगते.

तीन-चार माणसं आळीपाळीनं काम करत असतील तोवर ही पद्धत पुरते. एकाच वेळी अनेकांना एकाच थरावर लिहायचं असेल, तर पोस्टजीआयएससारखा डेटाबेस लागतो. पण तिथेही प्रश्न तेच असतात: बदल कशावरून केला, कुणी केला, कुणी तपासला. तेव्हा आजच `nond.csv` उघडा आणि हाताशी असलेल्या फायलीची पहिली ओळ लिहा.